निबंधाचे वीस गुण कुठे गेले

टी.वाय.ला मी श्रम अर्थशास्त्राचा पेपर शिकवते. त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे ३० गुण आहेत. बरीच वर्षं त्यातले १० गुण वर्गातल्या चाचणीला आणि २० गुण घरून लिहून आणायच्या निबंधाला असायचे. विषयही ठरलेला असे: असंघटित क्षेत्रातील कामगारांच्या समस्या, दीड हजार शब्द, शेवटी संदर्भसूची. पुण्यात अनेक महाविद्यालयांत थोड्याफार फरकाने हेच चालतं. हे २० गुण आम्ही कसे हलवले, कुठे हलवले आणि त्यासोबत नियम कसा बदलला, ते इथे सविस्तर लिहिते आहे. इतर विभागांतले शिक्षक विचारतात आणि चहाच्या टेबलावर ते नीट सांगता येत नाही.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला सगळ्यांसाठी खुलं झालं. त्या वर्षी आमच्याकडे काही जाणवलं नाही. पुढच्या वर्षापासून मात्र गठ्ठ्यातले निबंध एकसारखे गुळगुळीत येऊ लागले. व्याकरण स्वच्छ, परिच्छेद आखीव, शेवटी ‘सर्व घटकांनी समन्वयाने प्रयत्न करणे आवश्यक आहे’. त्यात हमाल नव्हता, मोलकरीण नव्हती, पुणेही नव्हतं. वाचून झाल्यावर मुलाला विषय कळला की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. निबंध लावायचा तो हेच कळावं म्हणून, आणि नेमकं तेच तो सांगेनासा झाला होता.

महाविद्यालयाने पहिला उपाय केला तो यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर घेण्याचा. त्यातून एक प्रकरण समितीपुढे आलं आणि आमच्या विभागाची दिशा तिथेच ठरली. एका मुलीचा निबंध ‘८७ टक्के यंत्रलिखित’ ठरला. ती तालुक्याच्या गावातून आलेली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजीत लिहायचं तर आधी मराठीत वाक्य बांधायचं, मग पाठ केलेल्या साच्यात बसवायचं, अशी तिची पद्धत. समितीपुढे तिने वहीतली मराठी टिपणं दाखवली, खाडाखोड केलेली पानं दाखवली. "सर, मला इंग्रजी साधंच येतं, म्हणून मी साधीच वाक्यं लिहिते," एवढंच ती म्हणाली. समितीकडे त्या टक्क्यांखेरीज दुसरा काही पुरावा नव्हता. तिला ताकीद देऊन सोडलं गेलं. दोष सिद्ध झाला नसताना ताकीद कशाबद्दल, हा प्रश्न मी लेखी विचारला. त्याला उत्तर आलं नाही.

त्यानंतर आम्ही तिघाचौघांनी बसून ही सॉफ्टवेअरं नेमकं काय मोजतात ते समजून घेतलं. यातली बरीचशी मजकुरातला पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते बघतात. नेहमीचे शब्द नेहमीच्या क्रमाने आले की मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता जास्त धरली जाते. परक्या भाषेत लिहिणारं मूल ओळखीचेच शब्द ओळखीच्याच क्रमाने वापरतं, त्यामुळे ते हकनाक अडकतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात सॉफ्टवेअरं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी त्यात घातले. माणसांनी लिहिलेले हे निबंध सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. आमच्या वर्गात पहिल्या गटातली मुलं बहुसंख्य आहेत.

परीक्षा विभागाला पटवायला हे पुरलं नाही. "थोड्या चुका होणारच, निदान धाक तरी बसतो," असं म्हणणं होतं. मग मी फळ्यावर हिशेब मांडला. ज्या कंपनीने चॅटजीपीटी काढलं, त्याच ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये स्वतःचं ओळखयंत्र काढलं होतं. तिनेच दिलेल्या आकड्यांनुसार ते यंत्रलिखित इंग्रजी मजकुरातला फक्त २६ टक्के पकडायचं आणि माणसाच्या मजकुरातला ९ टक्के चुकून यंत्राचा म्हणायचं. आता ६० मुलांचा वर्ग घ्या. त्यात २० जणांनी यंत्राकडून लिहून घेतलं आणि ४० जणांनी स्वतः लिहिलं असं धरा. वीसपैकी पाचेक पकडले जातील. चाळीसपैकी साधारण चार निरपराध अडकतील. म्हणजे समितीपुढे नऊ मुलं उभी, त्यांतली चार निर्दोष, आणि ती चार कोणती हे समितीला कधीच कळणार नाही. शिवाय पंधरा जण बाहेरच. कमी अचूकतेमुळे ओपनएआयने ते यंत्र जुलै २०२३मध्ये मागे घेतलं. नंतर आलेली सॉफ्टवेअरं यापेक्षा चांगली असल्याचा दावा करतात, पण हिशेबाची पद्धत तीच राहते: निर्दोष मुलं जास्त असतील तेवढी चुकीच्या आरोपाची संख्या वाढते. आणि चोरलेला उतारा मूळ पुस्तकाशेजारी ठेवून दाखवता येतो, तसं इथे शेजारी ठेवायला मूळ मजकूरच नसतो.

मग कोणी म्हणालं, विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली आहे, त्याप्रमाणे जाऊ. ती २०१८ची वाङ्मयचौर्याची नियमावली आम्ही पूर्ण वाचली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर असे टप्पे, विभागीय आणि संस्थास्तरीय समित्या, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण व्याख्यांच्या कलमात लिहिलं आहे की गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका यात धरायच्या नाहीत. ती नियमावली आहे प्रबंध, प्रबंधिका, शोधनिबंध यांच्यासाठी. आमच्या टी.वाय.च्या निबंधाला ती लागूच नव्हती. लागू असती तरी उपयोग नव्हता, कारण ती साम्य मोजते. यंत्राने लिहिलेला निबंध कुठूनच उतरवलेला नसतो, त्यामुळे साम्य बहुधा कमीच निघतं आणि तो विनादंड सुटतो. म्हणजे पदवीच्या गृहपाठासाठी नियम आम्हालाच लिहायचा होता. हे कळल्यावर बरं वाटलं, कारण हात मोकळे झाले.

नियम लिहायच्या आधी आम्ही मूल्यमापन बदललं. हा क्रम मुद्दाम ठेवला. उलटा क्रम लावला की आधी मनाई लिहिली जाते आणि मग ती पाळली जाते का हे बघायला पहारेकरी लागतो. सिडनी विद्यापीठाने सगळ्या मूल्यमापनाचे दोन मार्ग केले आहेत: एक देखरेखीखालचा, जिथे विद्यार्थी समोर असतो आणि काय वापरायचं ते शिक्षक ठरवतात, दुसरा खुला, जिथे काहीही वापरता येतं आणि ते गृहीतच धरलेलं असतं. मधला मार्ग नाही. घरी करायच्या कामावर ‘यंत्र वापरू नका’ असं लिहून काही साधत नाही, हे त्यामागचं साधं म्हणणं आहे. आमच्या विभागाला हे पटलं. नियम प्रामाणिक मुलंच पाळतात आणि गुण त्यांचेच कमी होतात.

तेव्हा प्रश्न असा मांडला: श्रम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला काय आलं पाहिजे, आणि त्यातलं आपल्याला डोळ्यांसमोर काय बघता येईल? विषय आम्ही पुण्यातच शोधला. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमालांचं काम बघायचं, निदान दोन कामगारांशी बोलायचं आणि १९६९च्या महाराष्ट्र माथाडी कायद्यात जे लिहिलं आहे ते प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगायचं. हा विषय यंत्राला येत नाही म्हणून घेतला असं नाही. कायद्याबद्दल यंत्र चार पानं सहज लिहून देतं. विषय घेतला तो यासाठी की तिथे जाऊन आलेल्या मुलाला असं काहीतरी ठाऊक असतं, ज्याबद्दल त्याला समोरासमोर विचारता येतं.

तीस गुणांची मांडणी अशी झाली. क्षेत्रनोंदींना ८ गुण. या नोंदी हाताने, वहीत, भेटीच्या दिवशीच लिहायच्या आणि पुढच्या तासाला वही दाखवून माझी तारखेसह सही घ्यायची. घरी लिहिलेल्या अहवालाला ६ गुण. तिथे यंत्र, भाषांतराचं अॅप, मित्राची मदत, सगळं चालेल, पण काय वापरलं ते लिहून द्यायचं. वर्गात ४० मिनिटांत, स्वतःची नोंदवही समोर ठेवून लिहायच्या एका उत्तराला ६ गुण. आणि तोंडी परीक्षेला १०. म्हणजे १६ गुण पूर्ण देखरेखीखाली, ८ गुण अर्धवट दिसणारे आणि फक्त ६ गुण खुले. जुन्या निबंधाचे २० गुण या चार ठिकाणी वाटले गेले, आणि जुन्या चाचणीचे १० त्यातच विरले.

अभ्यासक्रमात आम्ही काही बदललं नाही. संलग्न महाविद्यालयाला ते करता येत नाही. सत्रान्त परीक्षेचा पेपर विद्यापीठाचा आणि तो तसाच राहिला. अंतर्गत गुण कोणत्या प्रकारांनी द्यायचे एवढंच विभागाच्या हातात होतं आणि तेवढं पुरलं. ज्यांना वाटतं की वरून परिपत्रक आल्याशिवाय काही करता येत नाही, त्यांनी आपल्या पेपरच्या अंतर्गत मूल्यमापनाची कलमं एकदा नीट वाचावीत. बहुतेक ठिकाणी निबंध, चाचणी, चर्चासत्र, तोंडी परीक्षा यांपैकी निवडायची मोकळीक दिलेली असते.

वेळेचा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. साठ मुलं, प्रत्येकी आठ मिनिटं तोंडी आणि दोन मिनिटं गुण नोंदवायला, म्हणजे ६०० मिनिटं, दहा तास. दोन शिक्षक एकत्र बसायचे असतील तर दोघांचे दहा-दहा. हे ऐकून एक सर म्हणाले, "मॅडम, हे कागदावर छान दिसतं." मी त्यांना जुना हिशेब सांगितला. साठ निबंध गुणिले दीड हजार शब्द म्हणजे नव्वद हजार शब्द आपण घरी नेऊन वाचत होतो आणि त्यातून काही कळत नव्हतं. आता घरचा अहवाल सातशे शब्दांचा केला आहे आणि तो आम्ही तोंडीच्या आधी फक्त प्रश्न काढण्यासाठी वाचतो. वेळ थोडा जास्त जातो, हे खरं आहे. फुकट मात्र जात नाही.

तोंडी परीक्षेत काय होतं ते एका उदाहरणाने सांगते, कारण सगळी रचना त्या आठ मिनिटांवर उभी आहे.

एका मुलीच्या अहवालात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की हमालांना रोज रोख मजुरी मिळते आणि माथाडी मंडळ त्यांना वैद्यकीय मदत पुरवतं. तिच्या वहीत, भेटीच्या दिवशीच्या पानावर, वेगळं होतं. ‘काका: पैसे मंडळातून, बँकेत. टोळीत वाटणी. मुकादम हिशेब ठेवतो. पुतण्या: नोंद नाही. रोख. टोळीच्या पैशातून.’ एवढ्या तीन-चार ओळी, शेजारी मालाच्या पोत्याचं वजन आणि एक फोन नंबर खोडलेला. (कामगारांची नावं आणि नंबर नोंदीत ठेवायचे नाहीत, हा नियम आम्ही आधीच केला होता.)

आम्ही दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि विचारलं, "अहवालात कोणाची मजुरी सांगितली आहेस?"

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे पुतण्याचं आहे. पण अहवालात सगळ्यांचंच असं झालंय."

"कसं झालं?"

"मी मराठीत लिहून ते इंग्रजी करून घेतलं आणि छोटं करायला सांगितलं. छोटं करताना काकांचं गेलं."

पुढचे प्रश्न सोपे झाले. कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची, ही साखळी तिने वहीत न बघता सांगितली. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे त्या लेव्हीतून निघतात, हेही तिला माहीत होतं. मग विचारलं, "पुतण्याला यातलं काय मिळतं?" "काहीच नाही. तो काकांच्या टोळीत, त्याच फाटकात, तेवढीच पोती उचलतो." "मग कायदा लागू आहे म्हणायचं की नाही?" यावर तिने दिलेलं उत्तर माझ्या लेखी संपूर्ण पेपरचं सार होतं: कायदा बाजाराला लागू आहे, पण माणसाला तो नोंदीतून लागू होतो, आणि नोंद कोणाची होणार हे टोळीत ठरतं. हे वाक्य तिच्या अहवालात कुठेही नव्हतं. अहवालाला ६पैकी २ मिळाले, कारण त्यातलं मुख्य विधान चुकीचं होतं. तोंडीला १०पैकी ९ मिळाले.

जुन्या पद्धतीत याच मुलीला त्या गुळगुळीत अहवालावर चांगले गुण मिळाले असते. किंवा सॉफ्टवेअरने पकडलं असतं तर ती समितीपुढे उभी राहिली असती. दोन्ही वेळा तिला काय येतं ते आम्हाला कळलं नसतं.

दुसरं प्रकरण उलट होतं. एका मुलाच्या नोंदवहीत मुलाखत होती, हाताने लिहिलेली, सही घेतलेली. पण ती वाचताना काही अडकत नव्हतं. वय ४५, तीन मुलं, मासिक उत्पन्न बारा हजार, समस्या: आरोग्य, शिक्षण, कर्ज. यंत्राने दिलेला मजकूर हाताने वहीत उतरवता येतो, हे आम्हाला माहीत होतंच. हस्ताक्षर हा काही पुरावा नाही. खऱ्या नोंदींत एक खडबडीतपणा असतो. कामगार प्रश्नाचं उत्तर न देता दुसरंच सांगतो, मधेच टेम्पो लागतो आणि बोलणं तुटतं, एखादा आकडा दोनदा वेगळा येतो. या वहीत तसं काहीच नव्हतं. तरी हा संशयच, पुरावा नव्हे, म्हणून आरोप न करता आम्ही फक्त विचारत गेलो. कुठल्या फाटकातून आत गेलास? तो बसला होता की उभा? माल कुठला उतरत होता? तो बोलताना काम थांबलं होतं का? हातात काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला तो थांबला. "मॅडम, मी गेलो नव्हतो," असं स्वतःच म्हणाला. सकाळी कुरियरचं काम करतो, वेळ झाला नाही.

या ठिकाणी नियम उपयोगी पडला. तोपर्यंत तो लिहून झाला होता, एका पानाचा. त्यात यंत्राच्या वापराला गैरवर्तन म्हटलेलंच नाही. गैरवर्तन म्हणजे तीनच गोष्टी: न घडलेली मुलाखत किंवा न मोजलेला आकडा खरा म्हणून देणं, अस्तित्वात नसलेला संदर्भ देणं, आणि देखरेखीखालच्या कामात दुसऱ्याकडून करून घेणं. या तिन्ही गोष्टी तपासता येतात. न झालेलं पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडत नाही. यंत्रं अशी पुस्तकं लेखकाच्या नावासकट रचून देतात आणि ती पकडायला अर्धा तास पुरतो. यंत्राने लिहिलं की माणसाने, हे तपासता येत नाही, म्हणून ते नियमात नाही. जे सिद्ध करता येत नाही ते नियमात घातलं की नियम मर्जीवर चालायला लागतो.

नियमाचं दुसरं कलम मला तितकंच महत्त्वाचं वाटतं: गुण आणि शिक्षा यांची दारं वेगळी. तोंडी परीक्षेत अहवाल समजावता आला नाही तर अहवालाचे गुण जातात, तेवढंच. त्याला चौकशी लागत नाही, कारण तो आरोप नाही; जसं गणित सोडवता आलं नाही तर गुण जातात तसं. शिक्षेचं दार फक्त त्या तीन गोष्टींसाठी उघडतं. तिथे मग लेखी नोटीस, आरोप नेमका काय आणि पुरावा कोणता हे आधी सांगणं, उत्तराला सात दिवस, सोबत एखादा शिक्षक किंवा पालक आणायची मुभा, आणि ज्यांनी शिकवलं नाही अशा शिक्षकांपुढे अपील. ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का पुरावा म्हणून ठेवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. या एका ओळीवर सगळ्यात जास्त वाद झाला. प्राचार्यांनी शेवटी ती मान्य केली ती आधी सांगितलेल्या नऊपैकी चार या हिशेबामुळे.

त्या मुलाने कबूल केलं होतं आणि पहिलीच वेळ होती. नियमाप्रमाणे नोंदींचे ८ गुण शून्य झाले आणि पुन्हा जाऊन आल्यास त्यातले कमाल ४ मिळवायची संधी. तो रविवारी गेला. दुसऱ्यांदा आणलेल्या वहीत अर्धं पान हमालाने त्यालाच विचारलेल्या प्रश्नांनी भरलं होतं: कुरियरच्या कामात पेट्रोल कोण देतं, पडलास तर दवाखाना कोण करतं. माथाडीसारखी नोंद तुमच्यात का नाही, हा त्या माणसाचा प्रश्न होता. वर्गातल्या उत्तरात मुलाने त्यावरच लिहिलं.

वापराच्या निवेदनाबद्दल थोडं. ‘मी यंत्राचा वापर केलेला नाही’ अशा छापील हमीपत्राचा काही उपयोग होत नाही, सगळे सही करतात. आम्ही चार ओळी लिहायला सांगतो: काय वापरलं, कशासाठी, त्याने दिलेल्यातलं काय टाकून दिलं, आणि त्यात एक चूक कोणती सापडली. शेवटच्या ओळीने फरक पडतो. चूक शोधायला वाचावं लागतं, आणि वाचायला आपल्या नोंदी आठवाव्या लागतात. निवेदनाला गुण नाहीत, पण निवेदन नसेल तर अहवाल स्वीकारत नाही. ‘काही वापरलं नाही’ हेही चालतं. त्यावर आम्ही शंका घेत नाही.

अडचणी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. तोंडी परीक्षेत बोलकी मुलं तरतात आणि घाबरणारी बुडतात. आम्ही दोन गोष्टी केल्या: तोंडी मराठीत देता येते, अहवाल कुठल्याही भाषेत असो, आणि पहिला प्रश्न सगळ्यांना आधीपासून माहीत असतो, ‘वहीतलं एक पान उघड आणि तिथे काय चाललं होतं ते सांग’. घाबरलेलं मूल आपल्याच वहीतलं वाचायला लागलं की दोन मिनिटांत आवाज स्थिर होतो. एका मुलाला बोलताना अडखळायचा त्रास होता. त्याला त्याच खोलीत, तेच प्रश्न कागदावर देऊन लेखी उत्तरं घेतली. हे आजार म्हणून प्रमाणपत्र मागून करायची गरज नाही. विनंती आली की द्यावं.

पक्षपाताची तक्रार येणार हेही धरून चाललो होतो. म्हणून दोन शिक्षक, प्रत्येकाची गुणपत्रिका स्वतंत्र, आणि चार रकाने: स्वतःच्या नोंदींची ओळख ३, कायदा आणि संकल्पना ३, दोन्हींतला मेळ किंवा विसंगती सांगणं ३, न कळल्यास तसं सांगणं १. विचारलेले प्रश्न त्याच कागदावर दोन शब्दांत लिहायचे. दोघांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक आला तर मुलाला लगेच बाहेर न पाठवता आणखी एक प्रश्न. ध्वनिमुद्रण करा अशी सूचना आली होती. मुलं आणखी घाबरतील म्हणून आम्ही नाही म्हटलं. तपासणीला प्रश्नांचा कागद पुरतो. शेवटच्या रकान्यातला तो एक गुण काहींना विचित्र वाटतो. ‘हे मी विचारलं नाही, मला माहीत नाही’ असं म्हणायची सवय लागावी म्हणून तो ठेवला आहे; यंत्र ते क्वचितच म्हणतं आणि मुलंही त्याच्यासारखी बोलू लागली होती.

जिथे हे चालणार नाही तेही सांगते. एफ.वाय.च्या तुकडीत १२० मुलं आहेत. तिथे आठ मिनिटांची तोंडी म्हणजे सोळा तास, आणि वही तपासणं वेगळं. तिथे आम्ही घरच्या लिखाणाला गुण देणंच बंद केलं. सत्रात चार वेळा वर्गात अर्ध्या तासाचं लेखन, त्यातले चांगले तीन धरायचे. याने दीर्घ लेखनाची सवय मोडते, वाचून, थांबून, पुन्हा लिहिण्याची मजा मुलांना मिळत नाही, आणि हे नुकसान मला सलतं. यावर शिक्षकांची संख्या वाढवणं एवढाच उपाय मला दिसतो, आणि तो आमच्या हातात नाही.

मार्केट यार्डाचा विषयही फार काळ चालणार नाही. वरच्या वर्गाच्या नोंदवह्यांचे फोटो खालच्या वर्गात फिरायला लागले आहेत. त्यामुळे पुढच्या सत्रात जागा बदलतो आहोत: कचरावेचकांच्या कामाची साखळी, वस्तीतल्या दारापासून भंगाराच्या दुकानापर्यंत, आणि त्यांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी असलेला करार. तिथल्या बायका पहाटेपासून कामावर असतात, तेव्हा मुलांना भेटीची वेळ त्यांच्या सोयीने घ्यावी लागेल. नोंदवहीवरच्या सहीसाठी पुढच्या तासाऐवजी दहा दिवसांची मुदत केली आहे, आणि सकाळी नोकरी करणाऱ्या मुलांसाठी रविवारची एक सामूहिक भेट विभागच ठरवून देणार आहे.